दोन्ही दुर्बिणी नॉर्मल, तरी रक्त कमीच: कॅप्सूल गिळण्याआधी काय पाहावं

वरून घातलेली दुर्बीण साधारण ड्युओडेनमपर्यंत, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत पोचते आणि खालून घातलेली फार तर लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत. मधलं काही मीटर लांबीचं लहान आतडं न पाहिलेलंच राहतं. लोहाची कमतरता पक्की झाली आहे, दोन्ही तपासण्या नीट झाल्या आहेत आणि तरी कारण सापडलेलं नाही, अशा वेळी डॉक्टर कॅप्सूल एन्डोस्कोपी सुचवतात. कॅप्सूल सुमारे २६ मिलिमीटर लांब आणि ११ मिलिमीटर रुंद असते. ती आतून फोटो काढत जाते आणि कमरेच्या पट्ट्यावरचं यंत्र ते साठवतं.

“काही नाही हो, एक गोळी गिळायची” असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. गिळणं सोपंच असतं. ती बाहेर येईल का, हे आधी पाहावं लागतं. आतड्यात कुठे अरुंद जागा असेल तर कॅप्सूल तिथेच अडकते. दर शंभर रुग्णांत एक-दोघांचंच असं होतं, पण त्यातल्या काहींना ती काढायला लांब दुर्बीण किंवा ऑपरेशन लागतं. अडकलेली कॅप्सूल बहुतेकदा दुखतही नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून माझा पहिला प्रश्न वेदनाशामक गोळ्यांचा असतो. तोही “पेनकिलर घेता का?” असा विचारून उपयोग नाही, उत्तर “नाही” असंच येतं. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन या, म्हणावं. वाळपईकडच्या साठीतल्या एक बाई आल्या होत्या. हिमोग्लोबिन ७.४, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन खाली, दोन्ही दुर्बिणी स्वच्छ. त्यांनी गोळ्या घेत नाही म्हणून सांगितलं. मुलाने पिशवी टेबलावर ओतली तर त्यात गुडघ्यांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या अर्धवट पट्ट्या निघाल्या. “ह्या गुडघ्याच्या, पेनकिलर न्हय,” बाई म्हणाल्या. वर्षानुवर्षं घेतलेल्या अशा गोळ्यांनी लहान आतड्यात व्रण होतात आणि ते भरताना पडद्यासारखी आकुंचनं तयार होतात. म्हणजे रक्त जाण्याचं कारण आणि कॅप्सूल अडकण्याचं कारण एकच.

पुढचा प्रश्न पोटाचा. जेवल्यावर तासाभराने कळ येते का, पोट फुगतं का, कधी उलटी होते का? पूर्वी पोटाचं ऑपरेशन, रेडिएशन, क्षयरोग किंवा क्रोन्स हा आतड्याला सूज आणणारा आजार झाला आहे का? यातलं काही असेल तर खरी कॅप्सूल लगेच देऊ देऊ नका. उपलब्ध असेल तर त्याच आकाराची विरघळणारी चाचणी-कॅप्सूल आधी द्यावी. ती साधारण ३० तासांत अखंड बाहेर आली किंवा मोठ्या आतड्यात पोचलेली दिसली तर वाट मोकळी. साधं सीटी स्कॅन नॉर्मल आलं म्हणजे भागलं, असं मी मानत नाही. हे पातळ पडदे त्यात निसटू शकतात. त्या बाईंना जेवल्यावर कळ येत होती. चाचणी-कॅप्सूल वेळेत पुढे गेली नाही, म्हणून खरी दिलीच नाही. डायक्लोफेनॅक बंद केलं आणि फुग्याच्या लांब दुर्बिणीतून पाहिलं. दोन अरुंद कडी सापडली, कडेला व्रण होते.

(हृदयासाठीची ॲस्पिरिन मात्र स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.)

बाकीचं सरळ आहे. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवा. त्यांनी आतडं काळं दिसतं आणि बारीक रक्तस्राव ओळखू येत नाही. आदल्या दिवशी फक्त निवळ पातळ पदार्थ: शहाळ्याचं पाणी, पेजेचं गाळलेलं पाणी. सोलकढी, कोकमाचं सरबत, लाल काहीही नको. सांगितलेलं जुलाबाचं औषध पूर्ण घ्या आणि रात्रीपासून उपाशी राहा. गिळल्यावर साधारण दोन तासांनी पाणी, चार तासांनी हलकं खाणं. तासाभराने कॅप्सूल जठरातून पुढे सरकली का हे यंत्रावर पाहायला सांगा. मधुमेही लोकांत ती तिथेच रेंगाळू शकते, आणि बॅटरी संपेपर्यंत आठ-बारा तासच असतात.

काळी शी होत असेल तर तपासणी लांबवू नका. रक्तस्राव थांबला की जागा सापडण्याची शक्यता कमी होते.

कॅप्सूल बाहेर पडताना दिसेपर्यंत एमआरआय करू नका. दोन आठवड्यांत दिसली नाही तर पोटाचा एक्स-रे काढा. मधेच उलट्या, पोटफुगी किंवा तीव्र कळ आली तर त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि कॅप्सूल गिळली आहे हे आधी सांगा.