बाल्कनीत पक्ष्यांसाठी पाणी आणि दाणे ठेवताना या चुका टाळा

पाण्याचे भांडे आणि दाण्यांची थाळी बाल्कनीत ठेवून बरेच दिवस झाले तरी चिमण्या फिरकत नाहीत, आणि येतात ती फक्त कबुतरे, ही तक्रार अनेक घरांत ऐकू येते. यामागची कारणे थोडीच असतात: जागा चुकलेली असते, दाणे गरजेपेक्षा जास्त घातलेले असतात किंवा स्वच्छतेत हयगय झालेली असते. घरात सहा वर्षांचे मूल असेल आणि त्याला रोज थोडा वेळ नीट पाहण्याची व पाहिलेले लिहून ठेवण्याची सवय लावली, तर यांपैकी नेमके काय चुकते आहे हे त्याच्याच वहीतून कळू शकते. त्यामुळे मांडणी आणि निरीक्षण या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून एकत्रच सुरू कराव्यात.

जागा ठरवताना होणाऱ्या चुका

सर्वांत गंभीर चूक पक्ष्यांशी नव्हे, तर मुलाशी संबंधित आहे. भांडे कठड्यावर किंवा कठड्याला लागून ठेवले की ते पाहण्यासाठी मूल स्टूल, कुंडी किंवा खुर्ची ओढते आणि त्यावर चढते. म्हणून पाणी आणि दाणे दोन्ही अशा ठिकाणी असावेत, की मुलाला जमिनीवर उभे राहून किंवा खोलीच्या आत बसून ते दिसतील, आणि कठड्याजवळ पाय ठेवून चढण्याजोगी एकही वस्तू नसावी. भांडे कठड्याच्या बाहेर टांगणेही चुकीचे आहे, कारण वाऱ्याने ते खाली कुणाच्या डोक्यावर पडू शकते आणि सांडलेले दाणे व विष्ठा खालच्या मजल्यावर जातात.

दुसरी चूक काचेची आहे. बाल्कनीच्या काचेच्या दारात आकाशाचे प्रतिबिंब दिसते आणि दचकून उडालेला पक्षी त्यावर आदळतो. दाण्यांची जागा काचेपासून एक मीटरच्या आत असेल, तर उडालेल्या पक्ष्याला वेग घ्यायला अवधी मिळत नाही आणि इजा होण्याची शक्यता कमी होते. त्याशिवाय काचेच्या बाहेरच्या बाजूने ठिपके किंवा पट्ट्या चिकटवाव्यात. त्यांच्यातले अंतर सुमारे 5 सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावे. मध्यभागी चिकटवलेले एकच मोठे चित्र उपयोगाचे नसते, कारण पक्षी त्याच्या बाजूची मोकळी काच वाट समजतो. ठिपके चिकटवण्याचे काम मूल आनंदाने करते, पण ते दाराच्या खालच्या भागापुरतेच त्याच्याकडे द्यावे.

पाणी आणि दाणे शेजारी शेजारी ठेवल्यास फोलपटे पाण्यात पडतात आणि काही तासांत पाणी गढूळ होते. दोन्ही बाल्कनीच्या दोन टोकांना ठेवावेत. दाण्यांच्या खाली पाणी तर कधीच ठेवू नये.

पाण्याचे भांडे

खोल आणि गुळगुळीत भांडे ही इथली नेहमीची चूक. चिमणी पाण्यात उभी राहून अंघोळ करते, त्यामुळे तिला पाय रोवता येतील अशी खरबरीत आणि काठाकडे उथळ होत जाणारी जागा हवी असते. मातीचा पसरट, झिलई नसलेला परळ सर्वांत चांगला. पाण्याची खोली 3 ते 5 सेंटीमीटर पुरते आणि मधोमध एक सपाट दगड असा ठेवावा, की त्याचा वरचा भाग पाण्याबाहेर राहील. धातूचे भांडे उन्हात तापते व निसरडेही असते. परळ सावलीत ठेवावा.

पाणी रोज बदलले तरी डासांच्या अळ्या दिसतात, याचे कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची मादी अंडी पाण्यात न सोडता पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर कडेला चिकटवते. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पाणी चढले की फुटतात. केवळ पाणी ओतून नवे भरल्याने ती जात नाहीत. भांड्याची आतली कड ताठ ब्रशने घासावीच लागते. हिरवट, बुळबुळीत थर हाताला लागला, तर घासणे अपुरे पडते आहे असे समजावे. या कामाचा ब्रश वेगळा ठेवावा आणि भांडे स्वयंपाकघरात धुऊ नये.

दाणे: सगळी गडबड इथे होते

मोठी थाळी भरून दाणे ठेवणे म्हणजे कबुतरांना आमंत्रण. उरलेले दाणे रात्री उंदरांना मिळतात आणि ओले झालेले दाणे बुरशी धरतात. बुरशीतली विषद्रव्ये पक्ष्यांना घातक असतात. मीठ लावलेले किंवा तळलेले काहीही नको आणि पावही नको. साल न काढलेले राळे किंवा बाजरी सकाळी दोन चमचे, म्हणजे साधारण 20 ते 25 ग्रॅम, एवढ्यापासून सुरुवात करावी. संध्याकाळी दाणे उरले तर दुसऱ्या दिवशी प्रमाण कमी करावे आणि उरलेले दाणे उचलून टाकावेत.

मी राळ्याचा आग्रह धरते त्याला निरीक्षणाचे एक कारण आहे. चिमणी राळ्याचा दाणा चोचीत फिरवून त्याचे साल काढते व आतला गर खाते, तर कबूतर दाणा अख्खा गिळते. त्यामुळे थाळीत मागे काय उरले यावरून कोण येऊन गेले हे ओळखता येते. बाजरीचा दाणा मळणीतच सालाबाहेर पडतो, त्यामुळे तिच्यातून हा पुरावा मिळत नाही. याच फोलपटांमुळे उलटी फसगतही होते: थाळी भरलेली दिसते म्हणून नवे दाणे घातले जात नाहीत, प्रत्यक्षात वर फक्त रिकामी साले असतात. मोठ्या माणसाने थाळी हलवून पाहावी. फुंकर मारून पाहणे टाळावे, कारण धूळ नाकातोंडात जाते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, मुलाच्या वहीत पहिल्या आठवड्यात रोज अशीच नोंद आहे: सकाळी सातला दोन चमचे राळे घातले, साडेसातपर्यंत थाळी रिकामी, फोलपट नाही, एका वेळी जास्तीत जास्त पाच कबुतरे, चिमण्या शून्य. इथे दाणे वाढवणे ही चूक ठरेल, कारण चिमण्यांना दाणे कमी पडत नाहीत, त्यांना जागाच मिळत नाही. थाळीभोवती जाळीचा पिंजरा लावावा. त्याच्या चौकोनाची बाजू सुमारे 4 सेंटीमीटर असावी. त्यातून चिमणी आत शिरते, कबूतर शिरू शकत नाही. थाळी जाळीपासून चारही बाजूंनी वीतभर आत असावी, नाहीतर कबूतर मान घालून दाणे खाते. तारांची कापलेली टोके आत वळवून बोथट करावीत. सांडलेले दाणे पिंजऱ्यातच राहतील असा तळ असावा, कारण खाली पडलेल्या दाण्यांवर कबुतरे तशीच येत राहतात.

पिंजरा लावल्यावर काही दिवस वहीत शून्यच येईल. नवी वस्तू दिसली की पक्षी दूर राहतात, आणि नेमक्या याच काळात घरातली मोठी माणसे धीर सोडून थाळीची जागा बदलतात. प्रत्येक बदलासोबत पक्ष्यांची ओळख पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, म्हणून दोन-तीन आठवडे काहीही हलवू नये. पुढे एखाद्या दिवशी नोंद अशी दिसेल: पक्षी शून्य, पण थाळीत फोलपटे. याचा अर्थ चिमण्या येऊ लागल्या आहेत, फक्त मूल पाहत नसताना. मग दाण्यांऐवजी पाहण्याची वेळ बदलावी, उदाहरणार्थ सकाळी सातऐवजी शाळेतून आल्यावर पाहावे.

नोंद करताना

दिवसभर दिसलेल्या सगळ्या पक्ष्यांची बेरीज करणे ही मोठ्यांनीही होणारी चूक आहे. एकच चिमणी चार वेळा आली, तर वहीत चार चिमण्या होतात. पाहण्याची वेळ ठरलेली असावी, ती दहा मिनिटांपेक्षा जास्त नसावी आणि त्या वेळात एकाच क्षणी जास्तीत जास्त किती पक्षी दिसले तेवढेच लिहावे. सहा वर्षांच्या मुलाला हे जमते, कारण त्यात बेरीज नसते. आधीच्या आकड्यापेक्षा जास्त दिसले तरच आकडा खोडून नवा लिहायचा असतो.

आकड्याखेरीज रोज एकच प्रश्न द्यावा, पाच नव्हेत. गळ्याशी काळा डाग असलेले चिमणे किती आणि साध्या तपकिरी चिमण्या किती? पाणी पिताना कोण मान वर करते? हा दुसरा प्रश्न मुलांना फार आवडतो, कारण उत्तर डोळ्यांसमोर घडते: चिमणी चोचीत घोट घेऊन मान वर करते, तर कबूतर चोच पाण्यात बुडवून मान न उचलता ओढून पिते. उत्तर आधी सांगून टाकू नये. मुलाने चूक लिहिले, तरी ते खोडायला न लावता दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा द्यावा.

मूल काचेला नाक लावून उभे राहिले तर पक्षी येणार नाहीत. पडद्याआड, थोडे मागे बसावे.

स्वच्छता आणि आजारी पक्षी

कबुतरांची वाळलेली विष्ठा झाडूने कोरडी झाडणे धोक्याचे आहे, कारण तिची धूळ श्वासातून फुप्फुसात जाते. आधी पाणी शिंपडून ती भिजवावी, मग मास्क आणि हातमोजे घालून पुसून घ्यावी. हे काम मुलाकडे देऊ नये आणि त्या वेळी त्याला बाल्कनीतही येऊ देऊ नये. दमा असलेले कुणी घरात असेल, तर दाण्यांचा विचार सोडून फक्त पाणी ठेवणे शहाणपणाचे. मुलाचे काम दाणे मोजून देणे, पाहणे आणि लिहिणे एवढेच असावे, आणि त्यानंतर साबणाने हात धुणे चुकता कामा नये. थाळी आठवड्यातून एकदा गरम पाण्याने धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच दाणे घालावेत, कारण ओलसर थाळीत दाण्यांचे गोळे होतात.

पिसे फुगवून, डोळे मिटून बसलेला, जवळ गेले तरी न उडणारा किंवा चोचीभोवती ओले दिसणारा पक्षी आजारी असण्याची शक्यता असते. एका थाळीवर गर्दी झाली, की असे आजार एकापासून दुसऱ्याला लागतात. अशा वेळी मुलाला पक्ष्याला हात लावू देऊ नये, दाणे व पाणी दोन्ही दोन आठवडे बंद ठेवावे आणि भांडी एक भाग ब्लीच व नऊ भाग पाणी यांच्या मिश्रणाने धुऊन, भरपूर पाण्याने खळबळून उन्हात वाळवावीत. या दोन आठवड्यांत वहीत शून्य लिहू नये, ‘बंद’ असे लिहावे. शून्य म्हणजे आपण पाहिले आणि पक्षी आले नाहीत. हा फरक मुलाला पहिल्याच दिवशी समजावून दिला, तर पुढची सगळी पाने वाचताना गोंधळ होत नाही.