निवृत्तीला किती पैसे लागतील? पीएफ धरून हिशेब कसा मांडायचा

या हिशेबात बहुतेकांची गडबड एकाच ठिकाणी होते. लागणारी रक्कम वीस वर्षांनंतरच्या रुपयांत काढतात आणि त्यातून पासबुकातली आजची शिल्लक वजा करतात. म्हणून आधी एक तारीख ठरवा, निवृत्तीचा दिवस, आणि प्रत्येक आकडा त्या दिवसापर्यंत नेऊन मगच बेरीज-वजाबाकी करा.

उदाहरण म्हणून ३८ वर्षांचा खासगी कंपनीतला नोकरदार घेऊ. ५८ व्या वर्षी निवृत्ती आणि ८८ पर्यंतची सोय, म्हणजे कमावण्याची २० वर्षे आणि खर्चाची ३०.

आजचा खर्च. पगारावरून अंदाज बांधू नका, बँकेचे वर्षभराचे स्टेटमेंट काढा. समजा महिन्याला ७५,००० रुपये जातात. त्यातला घरकर्जाचा हप्ता २२,०००, मुलांची फी १०,००० आणि कामावर जाण्या-येण्याचे ३,००० निवृत्तीनंतर नसतील. उरले ४०,०००. औषधे आणि आरोग्य विम्याच्या वाढीव हप्त्यासाठी ५,००० धरा. घराची डागडुजी, प्रवास, लग्नकार्ये असे वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च महिन्याच्या हिशेबात दिसत नाहीत, त्यांचे ६०,००० वेगळे. एकूण वर्षाला ६ लाख.

महागाई. दरवर्षी ६ टक्के धरली तर २० वर्षांत खर्च सुमारे ३.२१ पट होतो. आजचे ६ लाख तेव्हा १९.२४ लाख होतील.

लागणारी रक्कम. निवृत्तीनंतरही महागाई थांबत नाही, पण शिल्लक पैशावर परतावाही मिळत राहतो. कर वजा जाता ७ टक्के परतावा आणि ६ टक्के महागाई धरली, तर पहिल्या वर्षाच्या खर्चाला कितीने गुणायचे ते स्प्रेडशीटमध्ये असे मिळेल:

```
=(1-(1.06/1.07)^30)/(1-1.06/1.07)
```

उत्तर साधारण २६.२७. त्याने १९.२४ लाखांना गुणले की ५.०५ कोटी येतात. आकडा बघून छातीत धडकी भरते, पण ते आजचे सुमारे १.५८ कोटीच आहेत.

पीएफ. समजा पासबुकात १४ लाख आहेत आणि मूळ पगार व महागाई भत्ता मिळून ५०,००० आहे. कर्मचाऱ्याचे १२ टक्के म्हणजे ६,००० पूर्ण पीएफमध्ये जातात. कंपनीही ६,००० भरते, पण त्यातले १,२५० पेन्शन योजनेत (१५,००० च्या वेतनमर्यादेचे ८.३३ टक्के) वळतात. म्हणून महिन्याला १२,००० नव्हे, १०,७५० जमा होतात. २०२४-२५ चा व्याजदर ८.२५ टक्के होता. पुढच्या वीस वर्षांसाठी ७.५ धरणे शहाणपणाचे. मग आजचे १४ लाख ५९.५ लाख होतात. दरवर्षी ५ टक्के पगारवाढ धरली तर नव्या जमेचे साधारण ८२ लाख होतात. एकूण सुमारे १.४२ कोटी, अर्थात मधे हात लावला नाही तर. घरासाठी आज ५ लाख काढले, तर ५८ व्या वर्षी त्या जागी २१ लाखांचा खड्डा असतो.

पासबुकातला पेन्शन अंशदानाचा रकाना या बेरजेत घेऊ नका. ती रक्कम एकरकमी हाती येणारी शिल्लक नाही, तिच्यातून मासिक पेन्शन मिळते. आजच्या वेतनमर्यादेने ३५ वर्षे सेवा झाली तरी पेन्शन ७,५०० रुपये बसते, आणि ती महागाईबरोबर आपोआप वाढत नाही. वीस वर्षांनंतर तिची किंमत आजच्या २,३०० रुपयांच्या आसपास असेल. जादा पेन्शनचा पर्याय मंजूर झालेल्यांची गोष्ट वेगळी.

इतर बचत. अडीअडचणीचा निधी आणि मुलांच्या शिक्षणाचे पैसे यात धरू नयेत. राहते घरही नको, कारण ते विकून राहणार कुठे? समजा म्युच्युअल फंडात ८ लाख आहेत. ९ टक्क्यांनी ते ४५ लाख होतील.

तूट. ५०५ लाखांतून १४२ आणि ४५ वजा केले की ३१८ लाख उरतात. त्याच ९ टक्क्यांनी ही तूट भरायची तर आजपासून महिन्याला सुमारे ३६,००० गुंतवावे लागतील आणि ती रक्कमही दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवावी लागेल. इतके झेपत नसेल तर परताव्याचा दर वाढवून कागदावर तूट मिटवण्याचा मोह होतो. त्यापेक्षा निवृत्ती दोन वर्षे पुढे ढकलून हिशेब पुन्हा करा: जमा वाढते आणि खर्चाची वर्षेही घटतात.

शेवटी महागाई ७ टक्के टाकून बघा. निवृत्तीनंतरचा परतावा ७ वरच ठेवला तर वरचे सूत्र शून्याने भागल्याची चूक दाखवेल, तिथे थेट ३० ने गुणा; ५.०५ कोटींचे जवळपास ६.९७ कोटी होतात. एका टक्क्याने एवढा फरक पडतो, म्हणून दरवर्षी पीएफचे व्याज जमा झाले की नव्या शिलकीने आणि त्या वर्षाच्या खर्चाने हाच कागद पुन्हा भरावा.