पुढे वाकल्यावर छातीतली कळ कमी होते? हृदयाच्या आवरणाला सूज आली असेल तर काय करावे

सर्दी-ताप येऊन जातो, आठ-दहा दिवसांनी माणूस कामाला लागतो आणि एका रात्री अंथरुणावर पाठ टेकताच छातीच्या मधोमध तीव्र कळ येते. खोल श्वास घेतला किंवा खोकला आला की ती वाढते. उठून बसून गुडघ्यांवर कोपरे टेकवून पुढे वाकले की बरे वाटते. अशा दुखण्यात पेरिकार्डायटिसची, म्हणजे हृदयाभोवतीच्या दुपदरी पिशवीला आलेल्या सुजेची, शंका घ्यावी. या दोन पदरांमध्ये एरवी थोडेसे द्रव असते आणि पदर एकमेकांवर अलगद सरकतात. सूज आली की ते घासतात. पुढे वाकल्यावर हे घर्षण कमी होते, म्हणून आराम पडतो.

आधी ईसीजी, मग निदान

घरी बसून ‘वाकल्यावर कमी होते, म्हणजे हार्ट अटॅक नाही’ असा निष्कर्ष काढू नये. पहिल्यांदाच छातीत दुखत असेल तर त्याच दिवशी ईसीजी निघेल अशा ठिकाणी जावे. दरदरून घाम, दम लागणे, चक्कर, हात किंवा जबड्याकडे जाणारी दाबल्यासारखी वेदना यातले काही असेल तर 108 वर फोन करावा. स्वतः गाडी चालवत जाऊ नये. ‘गॅस असेल’ म्हणून ओवा किंवा सोडा घेऊन सकाळची वाट पाहण्यात मोलाचे तास जातात.

डॉक्टरांना नेमके सांगा: कळ कधी सुरू झाली, आडवे झाल्यावर काय होते, त्याआधी ताप किंवा जुलाब होते का, आणि दुखणे मान व खांदा जुळतात त्या मांसल कडेपर्यंत जाते का. ही शेवटची खूण पेरिकार्डायटिसमध्ये विशेष दिसते, पण रुग्ण ती ‘मान अवघडली’ म्हणून सोडून देतो.

निदानासाठी चार गोष्टींपैकी किमान दोन हव्यात: असे ठरावीक दुखणे, स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारा घासल्याचा खरखरीत आवाज, ईसीजीतले ठरावीक बदल आणि इको म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत त्या पिशवीत नव्याने दिसलेले पाणी. हार्ट अटॅकमध्ये ईसीजीचे बदल बहुधा हृदयाच्या एका भागापुरते असतात, इथे ते बहुतेक सगळीकडे पसरलेले दिसतात. घासल्याचा आवाज येतो-जातो. सकाळी ऐकू आला आणि संध्याकाळी नाही, असे होऊ शकते. इकोत पाणी नसले म्हणून आजार नाही, असेही नाही.

याशिवाय रक्ताच्या दोन तपासण्या करून घ्याव्यात. ट्रोपोनिन वाढले असेल तर सूज हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचल्याची शक्यता असते आणि बहुधा दाखल व्हावे लागते. सीआरपी शरीरातली सूज किती आहे ते सांगतो. त्याचा पहिला आकडा जपून ठेवा, पुढचा सगळा उपचार त्याच्याशी ताडून होतो.

गोळ्या कशा चालतात

मुख्य औषधे दोन. पहिले सूज उतरवणारे: आयब्युप्रोफेन 600 मिलिग्रॅम दर आठ तासांनी, किंवा अ‍ॅस्पिरिन 750 ते 1000 मिलिग्रॅम दर आठ तासांनी. सोबत जठराच्या रक्षणासाठी आम्लता कमी करणारी गोळी. दुसरे कोल्चिसिन: वजन 70 किलोपेक्षा कमी असेल तर 0.5 मिलिग्रॅम दिवसातून एकदा, 70 किंवा जास्त असेल तर दोनदा, तीन महिने. हे प्रौढांचे नेहमीचे डोस आहेत. मूत्रपिंडाचा त्रास, जठरातला व्रण, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर हिशोब बदलतो आणि तो डॉक्टरांनीच करायचा असतो. पावसाळ्यात ताप नुकताच गेला असेल तर डेंग्यू नव्हता ना, हे प्लेटलेट पाहून आधी ठरवावे, कारण डेंग्यूत आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही रक्तस्रावाला निमंत्रण देतात.

चूक बहुधा पुढच्या टप्प्यात होते. समजा, 62 किलो वजनाच्या 34 वर्षांच्या माणसाचा पहिला सीआरपी 64 आहे. आयब्युप्रोफेन 600 तीन वेळा आणि कोल्चिसिन एकदा सुरू झाले. तिसऱ्या दिवशी कळ गेली. आठव्या दिवशी सीआरपी 18. इथे बरेच जण गोळ्या थांबवतात, कारण दुखत नाही. पण कळ गोळीने दबलेली असते, सूज उतरलेली नसते. या माणसाने पूर्ण डोस चालू ठेवला आणि चौदाव्या दिवशी सीआरपी 3, म्हणजे नॉर्मल आला. त्यानंतरच डोस कमी करायला सुरुवात: एक आठवडा 600, 400, 400, पुढचा आठवडा 400, 200, 400, मग 200 तीन वेळा, मग बंद. कोल्चिसिन मात्र तीन महिने पुरे करायचे. या गोळीने आजार उलटण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर येते, म्हणून ‘आता बरे वाटतेय’ म्हणून ती सोडणे महागात पडते.

कोल्चिसिनने जुलाब लागले तर स्वतः बंद न करता डॉक्टरांना विचारा. डोस अर्धा करून बहुधा भागते. घसा बसला म्हणून कुणी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून देत असेल तर कोल्चिसिन चालू असल्याचे जरूर सांगा, कारण दोन्ही एकत्र आली की कोल्चिसिनचे रक्तातले प्रमाण विषारी पातळीपर्यंत चढू शकते.

स्टेरॉइडने दोन दिवसांत चमत्कारासारखा आराम पडतो, पण ते सुरुवातीलाच दिले तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. पहिली दोन औषधे चालत नसतील किंवा लागू पडली नसतील तरच ते द्यावे.

रात्र आणि रोजचे काम

आडवे झोपवत नसेल तर पाठीमागे दोन-तीन उशा किंवा लोड लावून अर्धवट बसून झोपा. व्यायाम, जड उचलणे, जिने धावत चढणे बंद. सावकाश चालणे आणि बैठे काम चालते. कळ जाऊन सीआरपी, ईसीजी आणि इको नॉर्मल होईपर्यंत ही बंधने पाळायची. नियमित स्पर्धा खेळणाऱ्याने डॉक्टरांच्या परवानगीशिवाय मैदानावर परतू नये.

कुठे थांबू नये

पाणी झपाट्याने वाढले तर हृदय दाबले जाते. बसूनही धाप लागणे, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे, नाडी जलद आणि रक्तदाब खाली, मानेच्या शिरा फुगलेल्या, यातले काही दिसले तर थेट इमर्जन्सी गाठावी. अशा वेळी सुई घालून पाणी काढावे लागू शकते.

ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर असेल, दुखणे अचानक न येता आठवडेच्या आठवडे वाढत गेले असेल, इकोत भरपूर पाणी असेल, किंवा आठवडाभर औषध घेऊनही फरक नसेल तर ‘व्हायरल आहे’ यावर विसंबू नये. आपल्याकडे अशा वेळी पहिला संशय क्षयाचा घ्यावा. वजन घटणे, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, घरात कुणाला क्षय झालेला असणे, हे न विचारताही सांगा.

पूर्ण बरे होऊन चार-सहा आठवडे गेल्यावर तीच कळ पुन्हा आली तर त्याला उलटलेला आजार म्हणतात. तेव्हा उरलेल्या जुन्या गोळ्या घेऊन काम भागवू नये. आधी ईसीजी, सीआरपी आणि इको पुन्हा करावेत. या वेळी कोल्चिसिन बहुधा सहा महिने चालते.