शब्द आठवत नाहीत, विषय आठवतो: पाठवणीचं गाणं कसं शोधाल?

"ते गाणं रे, मुलगी सासरी निघालेली असते…" मामांना एवढंच आठवत होतं. चाल नाही, शब्दही नाहीत. चाल नसल्यामुळे फोनला गुणगुणून दाखवायचा मार्गही बंद.

अशा वेळी आपण सरळ 'पाठवणीचं गाणं' असं टाकतो, आणि तिथेच फसतो. विषयाला आपण दिलेलं नाव गाण्यात बहुधा नसतंच. कवी 'पाठवणी' म्हणत नाही. तो भरलेल्या डोळ्यांबद्दल, दाटलेल्या गळ्याबद्दल, 'जा', 'घरी', 'सुखी राहा' असं लिहितो. 'बिदाई' टाकलंत तर हिंदी गाण्यांचा ढीग येईल.

म्हणून आधी कागदावर तीन गोष्टी लिहा: कोण बोलतंय, कुणाशी, आणि आवाज बाईचा की पुरुषाचा. पाठवणीत हा शेवटचा प्रश्न फार कामाचा. मामा म्हणाले, "बाप गातो. सिनेमातलं आहे."

आता गाण्यात येतील असे दोन-तीन शब्द देवनागरीत टाका, सोबत 'मराठी गीत'. मी 'डोळे, मुली, जा, घरी' टाकलं. पहिलं सापडलं 'गंगा यमुना डोळ्यांत उभ्या का'. विषय अगदी तोच, पण ते लताबाईंच्या आवाजातलं भावगीत, पी. सावळाराम यांचं. म्हणजे बाप नाही आणि सिनेमाही नाही. विषय जुळला की आपण हुरळून 'हेच ते' म्हणतो, पण कागदावरच्या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय थांबू नका. (यमुना की जमुना, यावरही शोध अडतो. दोन्ही टाकून पाहा.)

मग शब्द बदलले: डोळ्यांऐवजी कंठ, मुलीऐवजी लाडकी. 'दाटून कंठ येतो' निघालं. 'अष्टविनायक', १९७९, शांता शेळके यांचे शब्द, अनिल-अरुण यांचं संगीत, आवाज वसंतराव देशपांडे यांचा. खात्री फक्त ऐकवूनच होते. पहिल्या ओळीलाच मामा गप्प झाले.

शब्दांनी जमलं नाही तर 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर गायक किंवा कवी धरून यादी चाळा. एका गायकाची यादी तासाभरात पाहून होते.

मात्र आजी जात्यावर म्हणायची ती ओवी हवी असेल तर हा रस्ता सोडा. तिला कवी नाही, ध्वनिमुद्रिका नाही, आणि गावागणिक शब्द बदलतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांच्या पुढाकाराने जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या विषयवार लावलेल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. तिथे मात्र विषयच धरून शोधायचं, आई-लेक किंवा सासर-माहेर असं. नेमकी आजीचीच ओवी मिळेल असं नाही, तिची बहीण शोभेल अशी मिळते.