झोनचा व्हॉल्व्ह अडकलाय? कॉइल बदलण्याआधी डायफ्रॅम उघडून बघा

कंट्रोलर बंद केला तरी लॉनच्या एका झोनमधले स्प्रिंकलर चालूच राहिले, की कुणीतरी सांगतंच, "कॉइल बदला." ऐकू नका. या २४ व्होल्टच्या व्हॉल्व्हमध्ये कॉइलला वीज मिळाली की पाणी सुटतं, वीज गेली की थांबतं. जळलेल्या कॉइलने व्हॉल्व्ह उघडणारच नाही. कॉइलची वायर काढा. तरीही पाणी चालू असेल, तर दोष व्हॉल्व्हच्या पोटात आहे.

उलट, व्हॉल्व्ह उघडतच नसेल तर कॉइल हाताने पाव फेरा सैल करा. झोन चालू झाला तर पाण्याची बाजू ठीक आहे. मग वायरी सोडवून कॉइलचा रोध मोजा. साधारण २० ते ६० ओहम आला तर कॉइल चांगली, जमिनीतले वायरचे जोड तपासा. मीटरवर काहीच आलं नाही तर कॉइल तुटली आहे, नवी बसवा.

आता खरं अवघड काम. डायफ्रॅम म्हणजे व्हॉल्व्हमधला रबरी पडदा. त्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे पाणी असतं. एका बारीक छिद्रातून पाणी वर जातं, तिथे दाब साठतो आणि डायफ्रॅम खाली दाबला जातो. छिद्र गाळाने बुजलं तर वर दाब साठत नाही आणि झोन जोरात चालू राहतो. बोअरच्या पाण्यात हे फार होतं. डायफ्रॅम जिथे टेकतो त्या बैठकीवर खडा अडकला असेल तर सहसा नुसती गळती राहते. मात्र झोन थांबल्यावर सर्वांत खालच्या स्प्रिंकलरमधून थोडा वेळ पाणी झिरपणं म्हणजे पाइप रिकामा होणं. त्यासाठी काही उघडू नका.

मेन व्हॉल्व्ह बंद करून झाकणाचे स्क्रू काढा. स्प्रिंग उडते, हात वर ठेवा. डायफ्रॅम उजेडासमोर धरून हळूच ताणा. चीर दिसली तर नवाच घ्या, चिकटवू नका. छिद्रात तार किंवा टाचणी मुळीच घालू नका. छिद्र मोठं झालं, की कॉइल वरचं पाणी सोडते त्याहून जास्त पाणी आत येतं आणि व्हॉल्व्ह उघडेनासा होतो. पाण्याची धार किंवा मऊ ब्रश पुरतो. कॉइलमधला सरकणारा दांडा, म्हणजे प्लंजर, आणि त्याखालचं भोकही धुवा. तिथली वाळूही व्हॉल्व्ह मिटू देत नाही.

डायफ्रॅम बाहेर असतानाच मेन व्हॉल्व्ह काही सेकंद हळू उघडून पाइपमधला कचरा वाहू द्या. ही पायरी गाळली तर तोच खडा पुन्हा येऊन बसतो. त्या आधी व्हॉल्व्हच्या बॉक्समधली माती उपसून ठेवा, नाहीतर गढूळ पाणी उलट आत जाईल.

बसवताना डायफ्रॅम जसा होता तसाच ठेवा, स्प्रिंग मध्यावर घ्या, स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडेथोडे आवळा. ग्रीस लावू नका. कॉइल फक्त हाताने घट्ट करा. पहिल्यांदा पाणी सोडल्यावर वरचा कप्पा भरेपर्यंत झोन जरा वेळ चालतो. त्यानंतरही थांबला नाही तर बैठकीची कडा बोटाने चाचपा. तिथे खाच लागली तर सफाईने काम होणार नाही, व्हॉल्व्हच बदलावा लागेल.