वाचनकक्षातील संगणक: चित्र पाठवताना या चुका टाळा

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

वाचनकक्षातील खिडकीजवळच्या संगणकावरून आता कागदाचे छायाचित्र एआय साधनाकडे पाठवून त्यातील मजकूर वाचून घेता येतो. गेल्या काही दिवसांत त्याच त्या चुका इतक्या वेळा पाहिल्या, की हे पत्र लिहिणे भाग पडले.

सर्वांत मोठी चूक म्हणजे अख्ख्या पानाचा एकच फोटो पाठवणे. असे साधन मोठे चित्र बहुधा आधी लहान करून घेते. त्यात मथळा शाबूत राहतो, पण बारीक हस्ताक्षरातील आकडे पुसट होतात, आणि पुसट आकड्याच्या जागी ते अंदाजाने दुसरा आकडा तितक्याच सुबकपणे लिहून देते.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका सभासदांनी आपला जुना हस्तलिखित सातबारा प्लास्टिकच्या पिशवीतून न काढताच, उभ्याने, ट्यूबलाइटखाली टिपला. साधनाने नीटनेटका तक्ता दिला: लागवडीयोग्य क्षेत्र ०.११ हेक्टर, पोटखराब ०.०४, एकूण ०.९५. गडबडीत असलेले हे गृहस्थ तोच तक्ता छापून तलाठी कार्यालयात निघाले होते. मी सहज बेरीज केली, तर ती ०.१५ भरली. मूळ कागदावर ०.९१ होते; पिशवीच्या चकाकीत ९ चा १ झाला होता आणि कागदावरची ८० आर, म्हणजे जवळपास दोन एकर जमीन नाहीशी झाली होती.

त्यानंतर आम्ही कागद पिशवीतून काढून खिडकीच्या उजेडात सपाट ठेवला, फ्लॅश बंद केला आणि केवळ क्षेत्राच्या रकान्याचा जवळून फोटो घेतला. नव्या संभाषणात तो पाठवून एवढेच लिहिले: ‘दिसते तेच लिहा; न वाचता येणाऱ्या अंकाच्या जागी प्रश्नचिन्ह द्या.’ या वेळी ०.९१ आले. प्रश्नचिन्ह सांगूनही साधन कधी कधी अंदाज ठोकतेच, म्हणून मी बेरीज आणि मूळ कागद यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय कोणालाही छापील प्रत देत नाही. यावर रुसणाऱ्यांनी खुशाल रुसावे.

‘नक्की ना?’ असे विचारण्यात अर्थ नाही. त्या प्रश्नाने बरोबर उत्तरही बदललेले मी पाहिले आहे. अपेक्षित आकडाही आधी सांगू नये, कारण साधन त्यालाच मान डोलावते.

व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो दाबला जाऊन बारकावे गमावतो. तो डॉक्युमेंट म्हणून मागवावा.

आधार कार्ड व बँकेचे पासबुक या संगणकावरून पाठवू नये. चित्र ग्रंथालयाबाहेरच्या सर्व्हरवर जाते आणि येथील फाइल पुसल्याने ते परत येत नाही. सातबाऱ्यावरील नावांचा भागही त्यामुळेच कापून टाकावा.

येताना मूळ कागद सोबत आणावा. नुसता फोटो असल्यास मी ताडून देऊ शकणार नाही.

आपला,
ग्रंथपाल