पार्सल तापलं म्हणून रंग गेला? हेअर कलरचे बॉक्स ठेवताना या चुका टाळा

एप्रिल उजाडला की राजारामपुरीतल्या माझ्या पार्लरचा फोन एकाच कारणासाठी वाजायला लागतो. "वैनी, कलरचं पार्सल आलंय, हाताला चटका बसतोय. आता रंग गेलाच म्हणायचा न्हवं?" नाही, गेला नाही. दरवर्षी तेच सांगते आणि दरवर्षी निम्म्या जणी ऐकत नाहीत.

बॉक्समध्ये दोन मुख्य गोष्टी असतात, रंगाच्या क्रीमची ट्यूब आणि त्यात कालवून तो रंग केसांवर चढवणाऱ्या डेव्हलपरची बाटली. सीलबंद ट्यूब बऱ्यापैकी काटक असते. नाजूक असतो तो डेव्हलपर, कारण त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. त्याचं हळूहळू पाणी आणि ऑक्सिजन होत राहतं, आणि दर दहा अंशांनी हा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे पंचवीस अंशांऐवजी बाटली पंचेचाळीस अंशांत राहिली तर चौपट. आता हिशेब करा. भिवंडीहून कोल्हापूरला येताना पार्सल ट्रकमध्ये आणि गोदामात तीन दिवस सलग तापलं असं धरलं, तरी बाटलीचं वय बारा दिवसांनी वाढलं. न उघडलेला बॉक्स दोन-तीन वर्षं टिकायला बनवलेला असतो. त्यात बारा दिवसांनी काय बिघडतं?

खरी चूक पुढे होते. गरम पार्सल फोडून लगेच रंग लावायला बसतात. तापलेलं क्रीम पातळ होतं, मिश्रण कपाळावर ओघळतं, आणि "उष्णतेनं रंग स्ट्राँग झालाय" असं समजून बाई वीस मिनिटांतच डोकं धुते. मग पिकलेले केस तसेच राहतात आणि दोष कुरिअरवाल्याच्या डोक्यावर. पार्सल एक रात्र घरात सावलीत ठेवायचं, सकाळी उघडायचं आणि घड्याळ लावून पत्रकात लिहिलेला पूर्ण वेळ थांबायचं. एवढाही धीर नसेल तर माझ्याकडे या, पण आल्यावर "लवकर आवरा" म्हणू नका.

रंग खराब होतो तो वाटेत नव्हे, घरात. हे मी स्वतःचे पैसे घालवून शिकले. पार्लर नवं असताना एका व्यापाऱ्याकडून नॅचरल ब्राऊनचे तीस बॉक्स स्वस्तात उचलले. मुदत संपायला दीड वर्ष होतं, म्हणून मी खूश. जागा नव्हती, म्हणून माळ्यावर टाकले, थेट पत्र्याखाली. तिथे ते दोन उन्हाळे राहिले. पुढे एकदा सहज मे महिन्यातल्या दुपारी तिथे थर्मामीटर ठेवून पाहिला, तर पारा अठ्ठेचाळीसवर! बाहेर सदतीस होते.

दुसऱ्या मे महिन्यात नवरीच्या आईचे केस रंगवायचे होते, लग्न तीन दिवसांवर. त्याच साठ्यातला बॉक्स काढला. मुदत जेमतेम शिल्लक होती. बाटलीचं पोट थोडं फुगलेलं दिसलं, झाकण फिरवताच फुस्स झालं. मी मनात म्हटलं, गरमीनं हवा भरली असेल. हवाच भरली होती, पण ती पेरॉक्साइड मोडून निघालेला ऑक्सिजन होता, म्हणजे बाटलीतला जोर तेवढा कमी झाला होता. चाळीस मिनिटांनी धुतलं तर काळ्या केसांवर काही फरक नाही आणि कानशिलावरचे पांढरे केस चहात बुडवल्यासारखे फिकट. त्या बाई काही बोलल्या नाहीत, हेच जास्त लागलं. संध्याकाळी नवा बॉक्स आणून फुकट परत रंगवलं.

बिघडलं काय होतं, ट्यूब की डेव्हलपर? ते शोधायला त्या रात्री जे केलं तेच आजही करते. कापलेले पिकलेले केस मी जपून ठेवते. त्यांच्या दोन बटा दोऱ्याने बांधल्या. संशयित ट्यूबमधलं थोडं क्रीम दोन प्लास्टिकच्या वाट्यांत घेतलं. एकीत बॉक्समधला जुना डेव्हलपर आणि दुसरीत तेवढ्याच टक्क्यांचा, माझ्याकडे सहा टक्क्यांचा, ताजा डेव्हलपर. प्रमाण दोन्हीकडे पत्रकातलंच. पत्रकातला वेळ भरल्यावर शाम्पूने दोनदा धुतलं, वाळवलं आणि सकाळी उजेडात पाहिलं. ताज्या डेव्हलपरची बट खणखणीत ब्राऊन आणि जुन्याची फिकट, म्हणजे दोषी डेव्हलपर. दोन्ही फिकट आल्या असत्या तर ट्यूब गेलेली. बटेचं काम वाटीवर भागवू नका. मिश्रण वाटीत काळं पडलं म्हणजे रंग चांगला, असं काहीजणी मानतात. उघड्यावर ते हवेनेही काळपटतं, त्यावरून केसांवर काय चढेल ते कळत नाही.

फुगलेली बाटली मी वापरत नाही. तोंडापासून लांब धरून, बेसिनवर झाकण अगदी हळू सैल करते, हवा जाऊ देते आणि भरपूर पाण्याबरोबर ओतून देते. टाचणीने भोक पाडणारे महाभाग पाहिलेत, तसं करू नका.

बाकीच्या चुका थोडक्यात. फ्रिजमध्ये बॉक्स ठेवू नका, दही आणि डेव्हलपर एका कप्प्यात आणि घरात लहान पोर, हे मला बघवत नाही. स्कूटरच्या डिकीत विसरू नका. गीझरखाली किंवा खिडकीत ठेवू नका. वाटीत उरलेला डेव्हलपर बाटलीत परत ओतू नका, धुळीच्या किंवा धातूच्या कणानेही तो मोडायला लागतो. एकदा कालवलेला रंग झाकण लावून "पुढच्या वेळेला" ठेवणाऱ्यांशी मी वादच घालत नाही. त्या बाटलीत वायू साठून ती फुटू शकते, आणि रंग तर तासाभरातच कामातून गेलेला असतो.

आपल्याकडे उन्हाळ्याइतकाच पावसाळा वाईट, विशेषतः पावडर डायला. त्यात रंग आणि डेव्हलपरचं काम करणारा ऑक्सिडायझर कोरडे एकत्रच असतात, पाणी लागलं की काम सुरू. पाकिटाला बारीक भोक असलं की भिंतीची ओल पुरते. पावडरीचे खडे झाले असतील तर पाकीट टाका, खलबत्त्यात कुटू नका. महापुरात भिजलेले बॉक्स पुसून, वाळवून विकायला आणणाऱ्यांनाही मी दारातूनच परत पाठवते.

थंडीचा प्रश्न कोल्हापुरात येतच नाही. पण आमच्या भागातली पोरं फौजेत, आणि एकीने नवऱ्याबरोबर लेहला जाताना चार बॉक्स नेले. जानेवारीत ते बिनहीटरच्या खोलीत गोठले. थंडीने पेरॉक्साइड मरत नाही, उलट त्याचं मोडणं मंदावतं. मोडतं ते क्रीमचं आणि क्रीमसारख्या डेव्हलपरचं तेल-पाण्याचं जमणं. तिने फोनवर विचारलं तेव्हा सांगितलं, चुलीजवळ नेऊ नकोस, एक दिवस साध्या उबदार खोलीत ठेव, मग बाटली नीट हलव आणि ट्यूब थोडी पिळून पाहा. दोन बाटल्या हलवल्यावर पूर्ववत झाल्या. बाकी दोनमध्ये पाणी वेगळं आणि रवाळ साका वेगळा राहिला, त्या टाकल्या. चांगल्या दोनांसाठीही तिला आधी बट करूनच पाहायला लावलं.

माझे बॉक्स आता खालच्या मजल्यावर, उत्तरेच्या भिंतीच्या लाकडी कपाटात असतात, जमिनीपासून वीतभर वर. प्रत्येकावर मार्करने आणल्याचा महिना लिहिलेला असतो, जुना पुढे आणि नवा मागे. माळ्यावर सध्या दिवाळीचे आकाशकंदील आहेत.